तिसऱ्या आठवड्यात वजन वाढलं, रात्रीचं जेवण बंद करू का?

सी-५०४: ट्रेनर सर, ग्रुपवरच विचारतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. जिम सुरू केली तेव्हा वजन ७८.४ होतं. पहिल्या आठवड्यात थेट ७६.५ वर आलो. घरात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात ७६.३. आणि आज तिसरा आठवडा संपताना ७६.७! खाणं तुम्ही सांगितलं तसंच आहे, एक दिवसही चुकलेलो नाही. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद करू का?

ए-१०२: करा बंद. मी भात, ब्रेड सगळं सोडलं होतं, चार दिवसांत अडीच किलो उतरलं.

बी-२०१: आणि आता किती आहे काका? 😄

ए-१०२: ते जाऊ दे.

जिम ट्रेनर: सर, जेवण बंद करू नका. आत्ता दोन बॅचच्या मधे आहे, सविस्तर लिहितो.

पहिल्या आठवड्यात १.९ किलो गेलं, त्यात चरबी फार तर अर्धा किलो. बाकी मुख्यतः पाणी. आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतं. हा साठा साधारण ४००-५०० ग्रॅम असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जातं. मिठाचं, बाहेरचं खाणं कमी झालं की आणखी थोडं पाणी जातं. पोटात एका वेळी असणारं अन्नही कमी झालेलं असतं. काकांचे चार दिवसांतले अडीच किलो याच हिशोबातले. पुन्हा भात सुरू केला की तेवढं वजन परत येतं, आणि लोकांना वाटतं भाताने चरबी वाढली.

आता तिसऱ्या आठवड्याचं. तुम्ही याच आठवड्यात स्क्वॉट आणि डेडलिफ्ट सुरू केलेत. जिना उतरताना मांड्या धरतायत असं परवा तुम्हीच म्हणालात. नवीन व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून काढताना तिथे सूज येते, म्हणजे पाणी साठतं. शिवाय व्यायामाची सवय झाली की स्नायू ग्लायकोजेन जास्त साठवायला लागतात, तेही पाण्यासकट. आतून चरबी कमी होत असली तरी काटा वर जाऊ शकतो तो असा.

आता तुमचाच हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुमचं खाणं आपण गरजेपेक्षा रोज ५०० ने कमी ठेवलंय. आठवड्याला ३,५०० झाले, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम चरबी. तीन आठवड्यांत १.३५ किलो. काटा सांगतो की ७८.४ चे ७६.७ झाले, १.७ किलो कमी. म्हणजे वाढल्यानंतरही तुम्ही हिशोबाच्या पुढेच आहात! पहिल्या आठवड्यात मिळालेला पाण्याचा ॲडव्हान्स आता थोडा वळता होतोय, एवढंच.

सी-५०४: हे असं बघितलंच नव्हतं. पण मग चरबी खरंच जातेय की नाही, हे कसं कळणार?

जिम ट्रेनर: टेप लावा. सकाळी, काही न खाता, बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). सुरुवातीला ९४ होतं ना? आज मोजून टाका. आणि काटा आठवड्यातून एकदा बघण्याऐवजी रोज सकाळी बघा, सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. रात्री बाहेर जेवलात तर दुसऱ्या दिवशी किलोभर जास्त दिसेल. एका जेवणाने किलोभर चरबी वाढायला सात हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतील, तेवढं कोणी खात नाही.

बी-२०१: माझं दर महिन्याला ठरावीक आठवड्यात वाढतं, तेही पाणीच का?

जिम ट्रेनर: हो मॅडम, बहुतेकींचं पाळीच्या आधी वाढतं. तुम्ही मागच्या आठवड्याशी तुलना करूच नका, मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

डी-३०३: तीन महिन्यांत १० किलो कमी, अशा जाहिराती दिसतात. आपल्याकडे किती धरायचं?

जिम ट्रेनर: सी-५०४ सरांच्या वजनाच्या माणसाने ४ किलो धरावं. कागदावर १२ आठवड्यांचे साडेपाच होतात. पण मधे लग्नकार्य येतं, आजारपण येतं, आणि वजन उतरलं की शरीराचा खर्चही थोडा घटतो. सुरुवातीचे दोन आठवडे सोडले आणि तरीही दर आठवड्याला किलोच्या वर जात राहिलं, तर मला आनंद होत नाही. त्यात स्नायू जात असण्याची शक्यता वाढते. ओळखायचं कसं? मागच्या आठवड्यात सहज उचललेलं वजन या आठवड्यात जड लागतं, झोप तुटते, चिडचिड होते. असा जोर फार दिवस लावला तर दोन-तीन महिन्यांनी केसही गळायला लागतात. रात्रीचं जेवण बंद केलं की गाडी तिकडेच जाते सर. शिवाय दिवसाच्या प्रोटीनमधला मोठा वाटाच जातो.

सी-५०४: प्रोटीनचं राहिलंच. तुम्ही १०५ ग्रॅम सांगितलंय. माझं जेमतेम ५० होतं.

जिम ट्रेनर: १०५ हे पोहोचायचं ठिकाण आहे, किलोमागे १.४ ग्रॅमच्या हिशोबाने. या महिन्यात ७५ पुरे. एकदम दुप्पट केलं, त्यातून डाळी-कडधान्यांवर, तर पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस आठवड्यात सगळंच सोडतो. सध्या फक्त दोन भर घाला. सकाळी दोन अंडी, १२ ग्रॅम. रात्री रोजच्यापेक्षा ५० ग्रॅम कच्ची डाळ जास्त शिजवा, आणखी १२ ग्रॅम. ७४ झाले. त्या बदल्यात भात थोडा कमी घ्या, म्हणजे कॅलरी तिथेच राहतील. पुढच्या महिन्यात दूध-दही वाढवू.

ए-१०२: मला शुगरची गोळी आहे. मीही हेच करू का?

जिम ट्रेनर: काका, तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. खाणं कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर काही गोळ्यांनी साखर फार खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असलेल्यांनीही प्रोटीन स्वतःहून वाढवायचं नाही.

सी-५०४: टेप लावली. ९२.

बी-२०१: 👏 पोट आत न ओढता?

सी-५०४: बायकोने मोजलंय, ओढू देत नाही.

जिम ट्रेनर: दोन सेंटीमीटर गेले सर, काहीही बदलू नका. सरासरी आणि टेप दोन्ही सलग तीन आठवडे हलले नाहीत, तरच खाण्यात हात घालू. तेव्हाही आधी तेल मोजू. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. रोज असे दोन चमचे नकळत जास्त पडले, तर तुमच्या ५०० तले जवळपास निम्मे तिथेच गेले. फोडणी कोण देतं घरी?

सी-५०४: मीच 🙈

जिम ट्रेनर: मग उद्यापासून चमच्याने. बाटलीतून थेट नाही.