मदत हवी आहे: फोटोतलं गाव कोणतं?

ती. आजीस सा. न.

सोबत जुन्या फोटोच्या दोन मोठ्या प्रती पाठवतोय. पहिलीत सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसतोय. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणजे निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला असणार. दुसरी प्रत मी सुलट करून घेतलीय. तीच बघ, नाहीतर देऊळ नदीच्या भलत्याच अंगाला वाटेल.

घरं धाब्याची आहेत, म्हणजे कोकण नव्हे. भीमाकाठचं, उजनीच्या पाण्यात गेलेलं एखादं गाव असावं. धरण 1980 साली पुरं झालं आणि गावं नव्या गावठाणात हलली, त्यामुळे आजच्या नकाशावर जुन्या गल्ल्या शोधून उपयोग नाही. तुझ्या आठवणीचाच आधार. नुसत्या शिखरावरून ठरवू नकोस, आसपासची शिखरं सारखी दिसतात. घाटावरून वर येताना वेस कुठल्या हाताला होती, पार देवळासमोर होता की मागे, ते सांग.

मामा-मावशीलाही दाखव, पण एकेकट्याला. एकाने नाव घेतलं की बाकीच्यांनाही तेच आठवायला लागतं! माझा अंदाज बंद पाकिटात ठेवलाय; तुमचं सगळ्यांचं सांगून झाल्यावरच उघडा. खुणा प्रतीवर पेनाने केल्यास तरी चालेल.

तुझा नातू