मदत हवी आहे: यंत्राच्या नैतिक दर्जासाठी वेदनाक्षमता हा निकष टिकतो का?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिक दर्जावरील, म्हणजे तिचे हित आपण जपायला हवे का यावरील, टिपणात मी एका ठिकाणी अडकलो आहे. वेदना जाणवण्याची क्षमता हा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा १७८९ मधील निकष मी गृहीत धरला आहे. २००९ मधील एका प्रयोगात शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले, तेव्हा आवडत्या जातीच्या शंखातले खेकडे तो कमी वेळा सोडून गेले. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर शंखाच्या आवडीने फरक पडला नसता. अशाच पुराव्यांच्या आधारे ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात खेकडे आले.

हीच कसोटी मी चॅटबॉटमागच्या भाषा-प्रारूपाला लावून पाहिली, पण ते माणसांच्या लिखाणावर घडलेले असल्याने 'मला दुखते' हे वाक्य किंवा तशी निवड केवळ अनुकरणातूनही येऊ शकते. खेकड्याने आपले वर्णन कुठे वाचलेले नसते! मज्जासंस्थेतील साम्याचा आधारही इथे नाही.

माणसे यंत्राशी कसे नाते जोडतात त्यावर दर्जा ठरवावा, हा पर्याय मी वाचला आहे; पण त्यात गोंडस रोबो जिंकतो, म्हणून तो नको. कायदेशीर व्यक्तित्वाचा प्रश्नही तूर्त बाजूला ठेवा.

मग निकष बरोबर असून फक्त पुरावा अपुरा आहे असे म्हणावे, की ज्याची कधीच खात्री करता येत नाही तो निकषच बदलावा?