प्रतिसाद: १/x च्या कर्ण्याचं पृष्ठफळ

> "घनफळ π येतं, पण पृष्ठफळातलं ते वर्गमूळ सुटतच नाही. मग अनंत कशावरून म्हणायचं?"

सोडवायची गरजच नाही. y = 1/x ही वक्ररेषा x = १ पासून पुढे x-अक्षाभोवती फिरवली की हा कर्णा तयार होतो. त्याचं पृष्ठफळ `2π∫(1/x)√(1+1/x⁴) dx`, १ पासून अनंतापर्यंत. वर्गमूळ कायम १ पेक्षा मोठं, म्हणून आतली राशी 1/x पेक्षा मोठी. b पर्यंत 1/x चं संकलन ln b, आणि ते वाढतच जातं. धाकटंच अनंताला गेलं, तर थोरलं थांबणार कुठे? आमच्याकडे क्लासची मुलं वर्गमूळ √२ पेक्षा लहान दाखवून मोकळी होतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अपसरणासाठी खालूनच बांध घालावा लागतो.

पण ln b ची चाल भलतीच मंद. १ मीटर त्रिज्येचं तोंड पंचवटीत ठेवून कर्णा सरळ रेषेत दिल्लीकडे नेला, म्हणजे ढोबळ १००० किमी, तरी पृष्ठफळ जेमतेम ८७ चौ. मीटर भरतं. तिथे त्रिज्या उरते मिलिमीटरचा हजारावा भाग. 'रंगाने भरतो पण रंगवता येत नाही' हे कोडंही इथेच सुटतं: आतला थर त्रिज्येहून जाड असूच शकत नाही, तो पातळ होत जातो. एकसारख्या जाडीचा थर धरला तरच रंग अनंत लागतो.