लेखी नको, समोर बोलवा: असं पत्र चालतं का?

हैराण_दुकानदार: जीएसटीची नोटीस आलीय, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट जुळत नाही म्हणे. ऑफिसरला पत्र टाकलं की लेखी काही देणार नाही, समोर बोलवा, तोंडी सांगतो, त्याआधी ऑर्डर काढू नका. बरोबर केलं ना?

फाइलवाला: अहो सुनावणी मागा की, पण उत्तराच्या ऐवजी कशाला? जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) मध्ये लेखी मागितली किंवा निकाल विरोधात जाणार असेल तर सुनावणी द्यावीच लागते, पण उत्तर देऊ नका असं कुठे लिहिलंय? मुदत गेली की ‘उत्तर दाखल नाही’ एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात, मग अपिलात काय दाखवणार? पोर्टलवर DRC-06 या उत्तराच्या फॉर्ममध्ये दोन पानांचं उत्तर टाका, तिथेच सुनावणीला Yes करा.

वैतागबाई: लेखीचं कौतुक सांगू नका! मी चाळीस पानं दिली, ऑर्डरमध्ये एक ओळ, ‘उत्तर समाधानकारक नाही’. पुढच्या वर्षीच्या नोटीशीत समोर बसून दोन बिलं दाखवली, सप्लायरने माझा जीएसटी नंबरच टाकला नव्हता, बिलं बी२सी मध्ये, म्हणजे बिननंबरी ग्राहकांच्या विक्रीत गेली होती. दहा मिनिटांत साहेब म्हणाले ‘ठीक आहे’.

फाइलवाला: आणि ऑर्डर?

वैतागबाई: ...एकाच बिलाचं मान्य झालं. दुसऱ्याचा उल्लेखच नाही.

फाइलवाला: म्हणजे त्या ‘ठीक आहे’चा कागद नव्हता. निघताना बोललेलं एका पानावर लिहून आवक शिक्का घ्यायचा होता.

वैतागबाई: बरं बाबा, तुम्ही शहाणे.

नवखा_सीए: पण सुनावणीला No टिक केलं तर हक्क संपला ना?

फाइलवाला: नाही. अलाहाबाद हायकोर्टाने २०२२ मध्ये भारत मिंटच्या केसमध्ये सांगितलंय, मागितली नसली तरी विरोधात ऑर्डर काढायची असेल तर सुनावणी द्यायची. पण हे पटवायला हायकोर्टात जावं लागतं, म्हणून Yes करा.

टॅबग्रस्त: सगळे कायदा शिकवताय, नोटीस दिसते कुठे ते सांगा ना! माझी सुनावणीची तारीख पोर्टलवरच्या त्या ‘Additional Notices and Orders’ टॅबमध्ये जाऊन बसली, मी रोज दुसराच टॅब बघत होतो. कळलं तेव्हा एकतर्फी ऑर्डर!

नवखा_सीए: मेल बघायचा की.

टॅबग्रस्त: मेल जुन्या अकाउंटंटचा होता! तुमच्यासारख्यांनीच भरला होता रजिस्ट्रेशनच्या वेळी.

नवखा_सीए: मला ओळखता तरी का तुम्ही?

फाइलवाला: भांडा नंतर. तारीख जमत नसेल तर कारण देऊन आधीच लेखी पुढची मागा, तीनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही.

हैराण_दुकानदार: नोटीशीला २६ दिवस झाले, उत्तराला ३० दिलेत. पत्र मागे घेऊ?

फाइलवाला: मागे कशाला, सुनावणीची मागणी राहू दे. ‘लेखी देणार नाही’ हे वाक्य मात्र तुमच्या गळ्यात पडेल, उद्याच उत्तर टाका आणि त्यात लिहा की ते पत्र फक्त सुनावणीपुरतं वाचावं.

वैतागबाई: चाळीस पानं नका देऊ फक्त.

टॅबग्रस्त: आणि दोन्ही टॅब बघा!!