उत्तर: स्टॉक आला तरी मेसेज का जात नाही?

> गूगल शीटमध्ये 'संपले'चं 'उपलब्ध' झालं, तरी घोषणा गेली नाही.

स्थितीचा रकाना फॉर्म्युल्यावर असेल, तर हेच होणार. `onEdit` हाताने बदललेल्या सेलवरच चालतं. तुम्ही नग भरलेत, म्हणजे इव्हेंट नगाच्या सेलचा आला. स्क्रिप्ट मात्र स्थितीच्या रकान्याकडे बघत बसली. शिवाय बऱ्याच ओळी एकदम पेस्ट केल्या की `e.oldValue`, म्हणजे सेलमधलं आधीचं मूल्य, मिळतच नाही.

शहापुरातल्या आमच्या साडीच्या दुकानात 'मागची स्थिती' असा वेगळा रकाना ठेवलाय. दर ५ मिनिटांनी टाइम ट्रिगर दोन्ही रकाने ताडून बघतो, मेसेज जायचा असेल तर तो गेल्यावरच मागची स्थिती बदलतो. एकच साडी परत आली तरी सगळ्यांना मेसेज जायचा आणि गिऱ्हाइकं हिरमुसायची, म्हणून आता ३ नगांपासूनच 'उपलब्ध' धरतो.