मदत हवी आहे: दुकानदारांचे चेक बंद करून एनईएफटी सुरू करायचंय, पत्रात काय काय लिहू?

ठिबकवाला_जळगाव
नमस्कार मंडळी. आमचं ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाईपचं होलसेलचं काम आहे, यावल चोपडा पारोळा शिरपूर इकडचे दुकानदार माल नेतात आणि चेक देतात, चेक म्हणजे कसा तर हातात आज देणार पण "शेठ मी फोन करेपर्यंत टाकू नका". आता सगळं बँक ट्रान्सफरवर न्यायचंय. पत्राचा मसुदा असा केलाय:

"1 एप्रिलपासून चेक स्वीकारला जाणार नाही. रक्कम खालील चालू खात्यात एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरावी. रिमार्कमध्ये बिल नंबर टाकावा." खाली खात्याचं नाव, नंबर, आयएफएससी.

आमचा बिल नंबर `JT/25-26/1186` असा असतो. एवढं पुरेल का? आणि तारीख बरोबर आहे का?

भुसावळचा_भाऊ
काय भो, एवढं पत्रबित्र कशाला, क्यूआर पाठवून दे व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि एनईएफटीचं टेन्शन नको, नाव जुळलं नाही तर पैसे आपोआप परत येतात.

हिशेबनीस_धुळे
भाऊ, परत येतात ते खातं नंबरच नसेल किंवा बंद असेल तर. एनईएफटीत पैसे नंबर बघूनच जमा होतात, एक आकडा चुकला आणि तो नंबर कुणाचा असला तर गेले त्याच्या खात्यात. म्हणून पैसे टाकायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपवर नाव दिसतंय का ते बघायला सांगा, एप्रिल 2025 पासून ही सोय आहे. आणि क्यूआरला साधारण लाखाची मर्यादा लागते, ठिबकच्या बिलाला कुठून पुरणार.

ठिबकवाले, तुमचा खरा घोळ रिमार्कमध्ये आहे. तिरकी रेघ बऱ्याच बँका घेतच नाहीत, आणि स्टेटमेंटमध्ये शेपूट कापलं जातं, म्हणजे तुम्हाला `JT 25 26` एवढंच दिसेल आणि नेमका 1186 गायब. कामाचा आकडा पुढे घ्या. प्रत्येक दुकानदाराला कोड द्या, यावलच्या चौदाव्याला `Y014`, मग बिलाचे शेवटचे चार आकडे: `Y0141186`. मध्ये काही नको, जागासुद्धा नको.

कोड का लागतो ते सांगतो. समजा या दुकानदाराचं बिल 84,300 चं आहे आणि तो टाकतो 50,000, तेही गावच्या पतसंस्थेतून. तुमच्या स्टेटमेंटला पतसंस्थेचं नाव येऊ शकतं, त्याचं नाहीच. रक्कम बिलाशी जुळत नाही, नाव ओळखीचं नाही, मग कोड नसेल तर ते पैसे सस्पेन्सला पडून राहतात आणि तो माणूस फोनवर भांडतो की मी तर भरले. अर्धवट रकमेला कोड तोच, बाकीचे 34,300 त्याच बिलावर उभे राहतील. दोन-तीन बिलांचे एकत्र आले तर सगळ्यात जुन्या बिलाचा नंबर टाकायला सांगा, तिथूनच वजा करत या.

केळीवाला_रावेर
आमचं उलटंच आहे. दिल्लीचा व्यापारी गाडी भरून नेतो आणि पैसे येतात भलत्याच फर्मच्या नावाने, सीए दर वर्षी विचारतो हे कोण. मी माझं बिल त्या भलत्या नावाने फाडू का?

हिशेबनीस_धुळे
नको दादा, बिल ज्याला माल दिला त्याच्याच नावाने. त्याच्याकडून लेखी घेऊन ठेवा की ते पैसे त्याच्या वतीने आलेत. पण हा विषय वेगळा, नवीन धागा काढा.

शिरपूरचा_दुकानदार
मी पत्र घेणाऱ्यांतला आहे. "आमचा खाते नंबर असा आहे, यातच भरा" असं पत्र आलं की मला आधी फ्रॉडच वाटतो, कारण फसवणारे अगदी असंच लिहितात. पत्र नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, वसुलीच्या माणसाच्या हाती सहीशिक्क्याचं द्या, सोबत कॅन्सल चेकची झेरॉक्स. आणि "तुमचे चेक ज्या खात्यात जमा व्हायचे तेच हे खातं" ही ओळ टाका, जुना चेक कुठे वटला ते मी बँकेत बघू शकतो.
1 एप्रिलचं मात्र जमणार नाही. मार्चएंडला कुणी वाचत नाही.

ठिबकवाला_जळगाव
कॅन्सल चेकचं डोक्यातच नव्हतं. तारीख अशी केली तर: "1 मे पासूनच्या बिलांना चेक नको, त्याआधीच्या बिलांचे दिलेले चेक ठरल्या तारखेला टाकले जातील."

हिशेबनीस_धुळे
हे बेस्ट. पैसे भरायच्या तारखेवर ठेवलं असतं तर प्रत्येकाशी वाद. जुने चेक तीन महिन्यांच्या वर चालत नाहीत, त्यामुळे एप्रिलच्या तारखेचे जुलैत आपोआप संपतील, त्यांची यादी वेगळी ठेवा. पहिल्यांदा मोठी रक्कम टाकायच्या आधी 1 रुपया पाठवायला सांगा, आणि नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच बँका मर्यादा लावतात, तेव्हा खातं आधीच जोडून ठेवा म्हणावं.

ठिबकवाला_जळगाव
आणि उधारीपोटी सही करून घेतलेले कोरे चेक पडलेत त्यांचं काय? कापूस येईपर्यंत आमच्या हातात तेवढाच धाक असतो.

शिरपूरचा_दुकानदार
ट्रान्सफर पाहिजे आणि चेकही ठेवणार, असं नाही चालणार शेठ. परत करा.

हिशेबनीस_धुळे
यावर दोन वकिलांनी मला दोन उत्तरं दिलीत. तुमच्या वकिलाला विचारूनच ठरवा, पण पत्रात त्याचा उल्लेख नको.