स्पेक शीटवरून मिक्सरच्या ऑनलाइन लिस्टिंगचे बुलेट लिहिताना

"सप्लायरच्या शीटमधले वॉट, आरपीएम आलेत, पण 'ओव्हरलोड प्रोटेक्टर' आणि '५ मिनिटं ऑन, २ मिनिटं ऑफ' याचं काय लिहू?"

वरती दोघांनी ते खाली टेक्निकल डिटेल्समध्ये टाकून द्या म्हटलंय, मला नाही पटत, मिक्सरच्या शीटमध्ये सगळ्यात कामाच्या ओळी ह्याच आहेत. ओव्हरलोड प्रोटेक्टर म्हणजे भांडं ठासून भरलं किंवा मोटर जाम झाली की मशीन आपोआप बंद पडतं, आणि मुंबईच्या लोहार चाळीतला दुकानदार विकतानाच मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाखवतो, ऑनलाइन घेणाऱ्याला ते कोण दाखवणार? त्याला वाटतं मोटर जळली, की लगेच रिटर्न. म्हणून बुलेट असा लिहा: "जास्त लोड आला तर मोटर जळू नये म्हणून मिक्सर स्वतःच थांबतो, बंद करून थोडा थंड होऊ द्या, भांड्यातलं कमी करा, तळाचं लाल बटण दाबा, परत सुरू."

५-२ चं पण तसंच, त्याचं "नॉनस्टॉप ग्राइंडिंग" अजिबात करू नका, शीटच्या बरोबर उलटं होतं ते. "इडलीचं पीठ थोडं थोडं करून वाटा, ५ मिनिटांनी २ मिनिटं विश्रांती" एवढं पुरे. हां, आणि लाल बटण खरंच तळाला आहे का ते सॅम्पल हातात घेऊन बघा, काही मॉडेलला बाजूला असतं, शीटमध्ये ते लिहिलेलं नसतं.